‘पैसे कधी सुटणार?’ याच्या पुढचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क करणारं एखादं मशिन शॉप डोळ्यांसमोर आणा. फाउंड्रीतून आलेली कास्टिंग्ज मशिनिंग करून द्यायची, हा धंदा. मालकाकडे २० लाख रुपये मोकळे आहेत आणि समोर दोन माणसं बसली आहेत. एक जुनी मशिनं विकणारा, दुसरा छतावर सोलर बसवणारा.

मशिनवाला म्हणतो, “शेठ, सेकंडहँड व्हीएमसी, फिक्स्चर आणि बसवण्यासकट २० लाख. तुमच्या गिऱ्हाईकानं ब्रॅकेटचं चार वर्षांचं काम देतो म्हटलंयच. अडीच वर्षांत मशिन सुटतंय बघा.” सोलरवाला म्हणतो, “साहेब, ४० किलोवॅटला २० लाख. साडेचार वर्षांत पैसे वसूल, आणि त्यापुढं वीज फुकट.”

दोघांनीही एकाच भाषेत बोलणी केली. पैसे किती वर्षांत परत येतात, हीच ती भाषा. वाणिज्य शाखेच्या पुस्तकात तिला पेबॅक पीरियड म्हणतात. मोठा खर्च आज करायचा आणि त्याचं फळ पुढे अनेक वर्षं घ्यायचं, अशा निर्णयाच्या हिशेबाला कॅपिटल बजेटिंग म्हणतात आणि पेबॅक हे त्यातलं सगळ्यात जुनं, सगळ्यात सोपं माप. त्या मापानं बघितलं तर प्रश्न मिटलाच. अडीच वर्षं साडेचारपेक्षा कमी, तेव्हा मशिन घ्यावं. पण हे उत्तर किती पक्कं आहे ते तपासायला आकडे कागदावर मांडावे लागतील. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण अशा दुकानात असू शकतील असेच धरले आहेत.

मशिनचं आधी. ऑपरेटरचा पगार, इन्सर्ट आणि टूलिंग, वीज, कूलंट हे सगळं वजा जाता वर्षाला ८ लाख हातात राहतील. चार वर्षांनी त्या ब्रॅकेटचं मॉडेल बंद होईल आणि मशिन २ लाखांना विकलं जाईल. वीस भागिले आठ, अडीच वर्षं. विक्रेत्याचा आकडा खरा आहे.

आता सोलर. ४० किलोवॅटला साधारण चार हजार चौरस फूट छत लागतं. महाराष्ट्रात एका किलोवॅटमागे वर्षाला १४०० युनिटच्या आसपास वीज निघते, म्हणजे एकूण ५६ हजार युनिट. वीज युनिटला ९ रुपये धरली तर वर्षाला ५ लाख ४ हजारांची बचत. धूळ धुणं, विमा, किरकोळ दुरुस्ती आणि पॅनेलची दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाणारी ताकद यांसाठी ५४ हजार सोडू. उरले साडेचार लाख. पॅनेल वीस वर्षं धरू. इन्व्हर्टर मात्र तेवढी वर्षं टिकत नाही, म्हणून अकराव्या वर्षी तो बदलायला २ लाख ठेवू. वीस भागिले साडेचार, म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षं. हाही विक्रेता खोटं बोललेला नाही.

दोघंही खरं बोलताहेत, तरी मालकाला लागतं ते दोघांच्याही बोलण्यात नाही. पेबॅकला दोन गोष्टी दिसतच नाहीत. पैसे सुटल्यावर पुढे काय होतं ते त्याला दिसत नाही. मशिन सुटल्यावर त्याची जेमतेम दीड वर्षं उरतात आणि सोलरची पंधरा, पण पेबॅकच्या लेखी दोन्ही सारखंच. दुसरं म्हणजे पहिल्या वर्षी आलेले ८ लाख आणि तिसऱ्या वर्षी आलेले ८ लाख त्याला एकाच किमतीचे वाटतात.

या दुसऱ्या आंधळेपणावर थोडं थांबायला हवं. आज हातात असलेले शंभर रुपये आणि वर्षानं मिळणारे शंभर रुपये सारखे नसतात, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बिल वेळेवर दिलं तर सूट देणाऱ्या दुकानदाराला ते माहीत असतं आणि तीन महिन्यांच्या उधारीचा भाव वेगळा सांगणाऱ्या व्यापाऱ्यालाही. याचं कारण म्हणून महागाईकडे बोट दाखवलं जातं. ते अर्धंच खरं आहे. उद्या महागाई शून्य झाली तरी आजचे शंभर जास्तच मोलाचे राहतील, कारण ते आज कामाला लावता येतात. ११ टक्क्यांचं कॅश क्रेडिट खातं चालू असलेल्या मालकाने त्यात शंभर रुपये भरले तर वर्षाला ११ रुपये व्याज वाचतं. शंभर रुपये वर्षभर दुसऱ्याकडे अडकले, तर ते ११ रुपये गेले. शिवाय वर्षभरात समोरचा पैसे देईलच, याची खात्री नसते ते वेगळंच.

तेव्हा उलटा हिशेब करायचा. व्याज लावून पुढे जाण्याऐवजी व्याज काढून मागे यायचं. १२ टक्के दराने आजचे १०० वर्षानं ११२ होतात, म्हणून वर्षानं मिळणाऱ्या ११२ ची आजची किंमत १००. त्याच न्यायाने वर्षानं मिळणाऱ्या १०० ची आजची किंमत ८९ रुपये २९ पैसे, दोन वर्षांनी मिळणाऱ्या १०० ची ७९ रुपये ७२ पैसे. दर वर्षाला १.१२ ने एकदा भागायचं, बस.

ही पद्धत पाश्चात्त्य वाणिज्य महाविद्यालयांतून आली असं वाटत असेल तर भास्कराचार्यांची ‘लीलावती’ उघडावी. बाराव्या शतकातल्या त्या ग्रंथात एक गणित आहे: महिना शेकडा पाच दराने वर्षाअखेर मुद्दल आणि व्याज मिळून १००० होतात, तर मुद्दल किती? उत्तर ६२५. व्याज सरळव्याज आहे आणि दर आज ऐकून अंगावर काटा यावा असा आहे, पण भविष्यातल्या हजाराची आजची किंमत काढणं ते हेच. (याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ काढला, त्याचा शिलालेख तिथं आहे.) विसाव्या शतकात अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आयर्विंग फिशर यांनी या विचाराला सिद्धांताचं रूप दिलं आणि १९५१ साली जोएल डीन यांच्या ‘कॅपिटल बजेटिंग’ या पुस्तकाने तो कंपन्यांच्या व्यवस्थापकांपुढे ठेवला.

आता मशिनवर हा हिशेब चालवू. मालकाचा पैसा १२ टक्क्यांचा धरू. पहिल्या वर्षीच्या ८ लाखांची आजची किंमत ७ लाख १४ हजार. दुसऱ्या वर्षीच्या ८ लाखांची ६ लाख ३८ हजार. तिसऱ्याच्या ५ लाख ६९ हजार. चौथ्या वर्षी ८ लाख आणि मशिन विकून आलेले २ मिळून १० लाख, त्यांची आजची किंमत ६ लाख ३६ हजार. बेरीज २५ लाख ५७ हजार. त्यातून आज घातलेले २० लाख वजा केले की उरतात ५ लाख ५७ हजार. हे नेट प्रेझेंट व्हॅल्यू, एनपीव्ही, मराठीत निव्वळ वर्तमान मूल्य.

या ५ लाख ५७ हजारांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. चार वर्षांत एवढा नफा होईल, असा तो नाही. २० लाखांवर १२ टक्क्यांचा मोबदला चुकता केल्यावर, त्याच्याही वर, आजच्या रुपयांत एवढी भर पडेल, असा तो आहे. एनपीव्ही शून्य आला तरी तोटा नसतो, पैशाला त्याचा १२ टक्के मोबदला मिळालेला असतो. उणे आला, तर मात्र त्या पैशाला दुसरीकडे यापेक्षा बरं काम होतं.

सोलरचा हिशेब याच रीतीने. दर वर्षी साडेचार लाख, वीस वर्षं, त्यांची आजची बेरीज ३३ लाख ६१ हजार. अकराव्या वर्षीच्या इन्व्हर्टरचे २ लाख आज ५७ हजारच भरतात. ते आणि २० लाख वजा जाता एनपीव्ही निघतो १३ लाख ४ हजार, मशिनच्या दुपटीहून जास्त. पेबॅकने ज्याला मागे ढकललं, तोच पुढे आला.

पण सोलरवाल्याने लगेच खूश होऊ नये. त्याच्या रंगीत पत्रकात बहुधा ‘वीस वर्षांत ९० लाखांची बचत’ असं ठळक अक्षरात असतं. साडेचार गुणिले वीस, नव्वद. बेरीज चुकलेली नाही. पण विसाव्या वर्षीच्या साडेचार लाखांची आजची किंमत १२ टक्क्यांनी ४६-४७ हजार रुपयेच आहे. पेबॅक पुढची वर्षं मोजतच नाही आणि पत्रक ती सगळी एकाच भावाने मोजतं. दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. वेळेचं मोल धरून पेबॅक काढला तरी फरक दिसतो. मशिनचे पैसे सुटायला अडीचऐवजी तीन वर्षांवर, तर सोलरचे सुटायला साडेचारऐवजी साडेसहा वर्षांहून जास्त लागतात. विक्रेते हा आकडा कधी सांगत नाहीत.

हा हिशेब एक्सेलमध्ये मिनिटात होतो, पण तिथं एक खड्डा आहे. एक्सेलचं एनपीव्ही फंक्शन दिलेली पहिली रक्कम आजची नाही, वर्षाअखेरची मानतं. म्हणून आज घातलेले २० लाख कंसाबाहेर ठेवावे लागतात. बी१ मध्ये उणे २० लाख आणि बी२ ते बी५ मध्ये चार वर्षांची आवक असेल तर बरोबर सूत्र असं:

```
=NPV(12%,B2:B5)+B1
```

सगळंच कंसात घातलं की उत्तर येतं ४ लाख ९७ हजार. ओळखायची खूण अशी की चुकीच्या उत्तराला १.१२ ने गुणलं तर बरोबर उत्तर मिळतं. चूक दिसायला छोटी, पण दोन पर्यायांपैकी एकाला बरोबर सूत्र आणि दुसऱ्याला चुकीचं लावलं तर तुलनाच वाया जाते.

याहून मोठ्या चुका एक्सेलच्या आधी होतात, आवक लिहिताना. मशिनचे वर्षाचे ८ लाख म्हणजे हातात येणारी रोकड. अकाउंटंटने तयार केलेल्या नफा-तोटा पत्रकात त्यातून वर्षाला साडेचार लाख घसारा जाईल आणि नफा साडेतीनच लाख दिसेल. तो साडेतीन एनपीव्हीत घातला तर मशिनची किंमत दोनदा वजा होते: एकदा आज २० लाख म्हणून, पुन्हा दर वर्षी घसारा म्हणून. घसारा ही रोकड नाही. त्यामुळे वाचणारा आयकर ही रोकड आहे आणि पक्का हिशेब करताना ती धरावीच लागते. इथं गुंता नको म्हणून कर बाजूला ठेवला आहे.

व्याजाचंही तसंच. ‘बँकेचा हप्ता जातो तो वजा नको का करायला?’ असं हमखास विचारलं जातं. नको. पैशाचं भाडं १२ टक्क्यांच्या दरात आधीच वसूल झालेलं असतं. हप्ता वजा करून वर पुन्हा १२ टक्क्यांनी मागे आणलं तर चांगला प्रकल्पही बुडीत दिसतो. दुसऱ्या बाजूला, स्वतःचा पैसा आहे म्हणून दर शून्य धरणारेही असतात. स्वतःचा पैसाही कुठंतरी काही कमवू शकला असता, त्यालाही भाव आहे.

हा भाव म्हणजे या सगळ्या हिशेबाचा कणा. आतापर्यंत आपण १२ टक्के धरले. पण समजा मालकाला बँक दारात उभी करत नाही आणि पैसा खासगीतून उचललेला आहे, महिना शेकडा दोननं. साध्या हिशेबानेही तो वर्षाला २४ टक्के झाला. आता तेच दोन्ही प्रकल्प पुन्हा मांडले तर मशिनचा एनपीव्ही उरतो सुमारे ८ हजार, म्हणजे काठावर पास. सोलरचा होतो उणे १ लाख ६९ हजार. आकडे तेच, छत तेच, मशिन तेच. बदलला तो फक्त पैशाचा भाव, आणि उत्तर उलटलं.

मधल्या दरांवर बघितलं तर २० टक्क्यांच्या आसपास दोघांचा एनपीव्ही सारखा होतो, दीड-पावणेदोन लाखांवर. त्याच्या खाली सोलर पुढे, वर मशिन पुढे. कारण अवघड नाही. सोलरची कमाई दूरच्या वर्षांत पसरलेली आहे आणि दर जितका चढा, तितकी दूरची वर्षं जास्त मार खातात. मशिनचे पैसे लवकर येतात, म्हणून त्याला झळ कमी. पेबॅक मात्र या सगळ्यात ढिम्म. १२ टक्के असो वा २४, तो अडीच आणि साडेचारच सांगत राहतो, कारण पैसा कुठून काय भावाने आला हे तो विचारतच नाही.

म्हणून पेबॅकवर चालणाऱ्या कारखानदाराला अडाणी म्हणायला मी तयार नाही. लहान धंद्यात पैसा महाग असतो, कधी मिळेल याचा भरवसा नसतो, मोठं गिऱ्हाईक बिल तीन-तीन महिने अडवतं. अशा माणसाने ‘लवकर सुटतंय ते घे’ हा नियम पाळला तर तो त्याच्या परिस्थितीत बहुतेक वेळा बरोबरच ठरतो. २४ टक्क्यांच्या हिशेबात पेबॅक आणि एनपीव्ही दोघांनी मशिनच निवडलं. गडबड होते ती धंदा वाढल्यावर. बँक ११-१२ टक्क्यांनी पैसा देऊ लागते, पण मालक नियम जुनाच चालवतो. मग दोन-अडीच वर्षांत न सुटणारी प्रत्येक गोष्ट तो नाकारत जातो, आणि त्या नाकारलेल्यांत चांगल्याही असतात.

इथपर्यंत सोलरची बाजू बळकट वाटत असेल, तर तिलाही थोडं हलवून बघू. साडेचार लाखांच्या बचतीमागे ‘युनिटला ९ रुपये, वीस वर्षं’ हे गृहीत धरलेलं आहे. सोलरची वीज दुपारी तयार होते. २०२३ साली केंद्र सरकारने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम दुरुस्त केले आणि उन्हाच्या तासांत वीज नेहमीच्या दरापेक्षा स्वस्त, संध्याकाळी महाग, अशी दररचना आणायचं ठरवलं. ती किती आणि कशी लागू होईल ते आपल्या दरआदेशात आणि बिलात बघायचं. समजा वाचणाऱ्या युनिटचा दर २० टक्क्यांनी खाली आला. मग वर्षाची निव्वळ बचत साडेचारवरून साडेतीन लाखांवर येते. दर २० टक्क्यांनी पडला, बचत मात्र २२ टक्क्यांनी, कारण देखभालीचा खर्च तेवढाच राहतो. १२ टक्क्यांवर एनपीव्ही मग १३ लाखांवरून साडेपाच लाखांवर घसरतो, मशिनच्या बरोबरीला. एका गृहीतकावर साडेसात लाख टांगलेले आहेत, हे सोलरवाल्याला सही देण्याआधी कळलेलं बरं. एनपीव्हीचा खरा उपयोग मला इथं दिसतो. उत्तरापेक्षा, उत्तर कशावर उभं आहे ते तो उघडं पाडतो.

मशिनच्या बाजूनेही एक न्याय्य तक्रार आहे. त्याला चार वर्षं दिली आणि सोलरला वीस. पाचव्या वर्षी मशिनमधून सुटलेला पैसा गादीखाली तर राहणार नाही. तो पुन्हा कामाला लागेल. तेव्हा दोन्ही एनपीव्ही आपापल्या आयुष्यावर समान वार्षिक रकमेत वाटून बघायचे. १२ टक्क्यांनी मशिनचे ५ लाख ५७ हजार वर्षाला १ लाख ८३ हजार पडतात. सोलरचे १३ लाख ४ हजार वर्षाला १ लाख ७५ हजार. म्हणजे दर चार वर्षांनी असंच काम, असाच भाव आणि असंच मशिन मिळत गेलं, तर मशिन किंचित पुढेच आहे. पण ही अट कागदावर जितकी सोपी दिसते तितकी शिरोलीत नाही. ब्रॅकेटचं पुढचं मॉडेल आपल्याकडेच येईल की गिऱ्हाईक दुसरा व्हेंडर उभा करेल, हे कुठल्याही सूत्रात बसत नाही. ते मालकालाच माहीत असतं, आणि खरेदी विभागातल्या माणसाशी त्याचं बोलणं कसं आहे त्यावर असतं.

राहिला एक प्रश्न, जो दोन विक्रेत्यांच्या मध्ये बसलेल्या मालकाला सुचत नाही. मशिन की सोलर, असं भांडण मुळात आहे का? १२ टक्क्यांवर दोघांचाही एनपीव्ही धन आहे आणि एक घेतलं म्हणून दुसरं घेता येत नाही असंही नाही. एक शॉपफ्लोअरवर बसतं, दुसरं छतावर. भांडण लागलं ते हातात २० लाखच आहेत म्हणून. बँक आणखी २० लाख ११-१२ टक्क्यांनी द्यायला तयार असेल आणि मशिनचं काम मंदावलं तरी हप्ते निघतील एवढी बाकीची आवक असेल, तर दोन्ही घ्यावीत. नाहीतर सोलरचे तुकडे करता येतात, मशिनचे नाही. आज मशिन, आणि मशिनच्या पहिल्या वर्षाच्या ८ लाखांतून पुढच्या वर्षी छतावर १५ किलोवॅट, असंही चालतं.

मग सोलरवाल्याला पुढच्या वर्षीचं कोटेशन मागायचं आणि तोवर विजेची बारा बिलं काढून बसायचं. दिवसाच्या तासांत खरोखर किती युनिट जळतात, ते मशिन बसल्यावर किती वाढतात आणि त्या युनिटला आज प्रत्यक्षात किती पैसे पडतात, हे बिलावर असतं. हिशेबात घेतलेले ९ रुपये तिथं ८ रुपये २० पैसे निघाले, तर दुसऱ्या दिवशी सूत्रात तो एकच आकडा बदलायचा आहे.